वरच्या मजल्याचा वेगळा मीटर

वडिलांनी बांधलेलं घर, खाली थोरला भाऊ, वर धाकट्याने चढवलेला मजला. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात असं घर सापडेल. वडील वारले, चुली वेगळ्या झाल्या, पण विजेचं बिल अजून एकच येतं आणि दर महिन्याला कोणी किती भरायचे यावरून कुरबुर होते. धाकटा ठरवतो की वरच्या मजल्याला स्वतंत्र वीजजोडणी घ्यायची. महावितरणच्या mahadiscom.in या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर अर्ज भरायला बसला की नाव, पत्ता, मोबाइल नंबर झटपट भरून होतात. अडतं ते तीन ठिकाणी: भार किती, वापराचा वर्ग कोणता आणि जागेचा पुरावा काय. त्या तीन रकान्यांसाठी हेच घर उदाहरण म्हणून घेऊ.

त्याआधी एक अट. एकाच घरात दुसरी जोडणी मिळते, पण तिथे खरोखर दुसरं कुटुंब राहत असलं पाहिजे. वेगळं स्वयंपाकघर, वेगळं वायरिंग, शक्यतो वेगळा जिना किंवा दार, या गोष्टी पाहणीला आलेला कर्मचारी बघतो. घरगुती दर टप्प्यांनी चढतो, पहिली 100 युनिट स्वस्त, पुढची 300 पर्यंतची बरीच महाग, म्हणून एकाच कुटुंबाचा वापर दोन मीटरवर वाटून स्वस्त टप्प्यात बसवायचा मोह होतो. तेवढ्यासाठी केलेला अर्ज नामंजूर होतो आणि तो व्हायलाच हवा.

आता भार. वायरमनला विचारलं तर तो बहुतेक वेळा 'एक किलोवॅट टाका' म्हणतो. असा अंदाज न टाकता घरातली उपकरणं मोजावीत. आपल्या वरच्या मजल्यावर 9 वॅटचे आठ एलईडी दिवे आहेत, त्यांचे 72 वॅट. 20 वॅटच्या चार पट्ट्यांचे 80. चार पंखे प्रत्येकी 75 वॅटचे, म्हणजे 300. फ्रिजचे 150, टीव्हीचे 100, मिक्सरचे 500, वॉशिंग मशीनचे 400. इस्त्री 1000, गिझर 2000 आणि टाकीत पाणी चढवणारा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप साधारण 370. बेरीज 4972, म्हणजे पाच किलोवॅट. हे आकडे उपकरणाच्या मागच्या पाटीवर लिहिलेले असतात, तिथूनच घ्यावेत. गिझर आणि इस्त्री या दोनच वस्तूंनी बेरजेतला निम्म्याहून जास्त भाग व्यापला आहे, म्हणून दिव्यांच्या संख्येत फार डोकं घालू नये. उष्णता देणारी आणि थंड करणारी उपकरणं बरोबर धरली की भार जवळजवळ बरोबर येतो.

ही सगळी उपकरणं एका वेळी कुठे चालतात, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. जोडभाराच्या व्याख्येतच 'एकाच वेळी वापरता येतील अशी उपकरणं' असं म्हटलेलं आहे. दोन गिझर एकाच चेंजओव्हर स्विचवर असतील आणि त्यांतला एकच चालू करता येत असेल, तर एकच धरायचा. पण केवळ 'आम्ही इस्त्री आणि गिझर एकदम लावत नाही' ही सवय त्या व्याख्येत बसत नाही.

इथे दिल्लीला किंवा दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या नातेवाइकाचा सल्ला घात करतो. दिल्लीत घरगुती ग्राहकाचा स्थिर आकार मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॅटवर लागतो, त्यामुळे तिथे भार कमी दाखवला की दर महिन्याला पैसे वाचतात. महावितरणचं तसं नाही. आपल्याकडे सिंगल फेज घरगुती जोडणीचा स्थिर आकार एकच आहे, मंजूर भार दोन किलोवॅट असो की पाच. फरक पडतो तो थ्री फेज घेतल्यावर: स्थिर आकार सुमारे तिप्पट होतो आणि भार 10 किलोवॅटच्या वर गेला की त्यावर आणखी आकारणी होते. म्हणून भार लपवून मासिक बिलात काही हाती लागत नाही, आणि 'मोठ्या घराला शोभतं' म्हणून थ्री फेज घेतलं तर विनाकारण खर्च होतो. सिंगल फेजचा गट साधारण साडेसात किलोवॅटपर्यंत जातो. वरच्या मजल्यावर पुढच्या उन्हाळ्यात दीड टनाचा एसी बसवायचा असेल तर त्याचे 1600 वॅट मिळवून बेरीज साडेसहाच्या थोडी वर जाते, तरी सिंगल फेज पुरतो. एसी आणि दुसरा गिझर दोन्ही आले तरच साडेआठच्या पुढे जाऊन थ्री फेजचा विचार करावा लागतो.

भार कमी लिहिण्याचा खरा तोटा वायरीत दिसतो. खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर आणि रोहित्रावरचा ताण मंजूर भार धरूनच ठरवला जातो. एक किलोवॅट लिहून पाच वापरले की संध्याकाळी पंखे मंद होतात, मीटरच्या पेटीतली जोडणी तापते, प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो. अशा खुणा दिसल्या तर वेळ न घालवता भारवाढीचा अर्ज करावा. छतावर पुढे सौर पॅनल बसवायचे म्हणून आत्ताच भार फुगवण्याचीही गरज नाही. 10 किलोवॅटपर्यंतच्या सौर यंत्रणेसाठी लागणारी भारवाढ वीज कंपनीनेच करून द्यायची, अशी तरतूद 2024 च्या केंद्रीय नियमदुरुस्तीत आहे.

दुसरा रकाना वर्गाचा. राहत्या घरासाठी 'एलटी-एक निवासी' आणि दुकान-कार्यालयासाठी 'एलटी-दोन', एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती मधल्या घरांत. आपल्या घरातली धाकटी सून वरच्या एका खोलीत शिवणकाम करते, दोन शिलाई मशीन आहेत, गिऱ्हाइकं येतात. मग ही जागा व्यापारी झाली का? नाही. राहत्या घराच्याच एका भागात छोटा व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत, वर्षाला 3600 युनिटपर्यंत असेल, तर दर निवासीच राहतो. वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर वापर तपासला जातो आणि 3600 ओलांडले असतील तर आधी कळवून पुढे वर्ग बदलला जातो. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांनी राहत्या घरी आपलं काम केलं तरी वर्ग निवासीच, मात्र त्यात शुश्रूषागृह किंवा शस्त्रक्रियेची सोय येत नाही. म्हणून अर्जात वापराचा हेतू निवासी लिहावा आणि पाहणीला आलेल्या माणसापासून शिलाई मशीन लपवू नयेत.

याउलट रस्त्याकडेच्या खोलीला शटर बसवून तिथे किराणा दुकान थाटलं, तर ती जागा घराचा भाग राहिली नाही. तिला स्वतंत्र व्यापारी जोडणीच हवी. घरगुती मीटरवरून दुकान चालवलेलं आढळलं तर विद्युत कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्या काळाचं बिल लागू दराच्या दुपटीने येतं. बांधकामाबाबतही एक बारकावा आहे. मोकळ्या जागेवर नवं घर बांधताना लागणारी वीज निवासी दरात बसत नाही. पण आधीच जोडणी असलेल्या घरावर मजला चढवताना खालच्या मीटरची वीज वापरली, तर तिला निराळी तात्पुरती जोडणी लागत नाही आणि दरही बदलत नाही.

तिसरा रकाना जागेच्या पुराव्याचा. सर्वांत जास्त अर्ज इथे परत येतात. गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा किंवा घरपट्टीची पावती, शहरात मालमत्ता कराची पावती, खरेदीखत, इंडेक्स दोन, बिल्डरचं ताबापत्र किंवा सोसायटीचं भागप्रमाणपत्र, यांतलं काहीही चालतं. सातबारा शेतजमिनीचा असतो, त्यावर घराची नोंद नसेल तर एकटा सातबारा जोडून भागत नाही.

आपल्या घराची अडचण अशी की नमुना 8 वर अजून वडिलांचंच नाव आहे आणि अर्ज धाकट्याच्या आधार कार्डावर भरला आहे. दोन कागदांवर दोन नावं दिसली की अर्ज अडतो. उत्तम मार्ग म्हणजे आधी ग्रामपंचायतीत वारसनोंद करून घेणं, कारण ती पुढे प्रत्येक कामाला लागते. तोवर थांबायचं नसेल तर वडिलांचा मृत्यू दाखला, वारस असल्याचा कागद आणि थोरल्या भावाचं व आईचं संमतीपत्र, सगळं एका पीडीएफमध्ये जोडून द्यावं. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने असावं. आधारवर आडनाव शेवटी आणि उताऱ्यावर आधी, एवढ्यावरून अडचण येत नाही, पण वडिलांचं नाव एका कागदावर असून दुसऱ्यावर गाळलेलं असेल तर शंका घेतली जाते.

आणि थोरल्याने सही द्यायला नकार दिला तर? विद्युत कायदा 2003 च्या कलम 43 मध्ये जागेच्या 'मालकाने किंवा भोगवटादाराने' मागितल्यास वीज द्यावी असं म्हटलं आहे. भाडेकरूला घरमालक ना हरकत देत नाही म्हणून वीज नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत खरोखर राहतो का एवढंच वीज कंपनीने पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितलं. तेव्हा राहत असल्याचे पुरावे गोळा करावेत: त्या पत्त्याचं रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, गॅसचं पुस्तक, भाडेकरू असाल तर भाडेकरार. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण भावकीतल्या भांडणात वीज हे हत्यार म्हणून वापरलं जातं आणि त्याचा मार घरातल्या मुलांना बसतो. मात्र वीजजोडणीने मालकी सिद्ध होत नाही, हेही तितकंच खरं. थोरल्याला नेमकी हीच भीती असते. ती संमती मागतानाच बोलून दूर केली तर पुष्कळदा सही मिळते.

शेजारच्या ग्राहकाचा क्रमांक विचारला तर खालच्या मजल्याचा बारा अंकी ग्राहक क्रमांक द्यावा, त्यावरून खांब आणि रोहित्र सापडतं. त्याच वेळी त्या मीटरची थकबाकी तपासावी. जागेवरची जुनी थकबाकी नव्या अर्जाला चिकटते.

अर्ज क्रमांक मिळाला की पाहणी होते, मग कोटेशन येतं. त्यात जोडणीचा खर्च आणि सुरक्षा ठेव वेगवेगळी लिहिलेली असतात. ठेव ग्राहकाचीच राहते, तिच्यावर व्याजही मिळतं. भरणा ऑनलाइनच करावा, वरून रोख मागणाऱ्याला देऊ नये. परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट दिल्यावर मीटर लागतो. 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे अर्ज सर्व बाबतींत पूर्ण झाल्यावर जोडणी महानगरात तीन, इतर नगरपालिका हद्दीत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यायची आहे. 'सर्व बाबतींत पूर्ण' हे शब्द महत्त्वाचे: एक कागद कमी असेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून अर्जात त्रुटी असेल तर ती लेखी मागावी, आणि मुदत उलटली तर आधी 1912 वर, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावं.

पहिलं बिल आलं की तीन नोंदी वाचाव्यात. मंजूर भार पाच किलोवॅट आहे का, दराच्या जागी LT I Res 1-Phase लिहिलं आहे का, आणि भरलेली सुरक्षा ठेव जमा दिसते का. चूक असेल तर पहिल्याच महिन्यात उपविभागीय कार्यालयात अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि कोटेशनच्या पावतीसोबत जपून ठेवावी.