टॉल म्हणजे लहान, व्हेंटी म्हणजे वीस

फोटो घाईत काढलेला, म्हणून थोडा तिरका आलाय. अमेरिकेतल्या एका स्टारबक्समध्ये काउंटरच्या वर लावलेले तीन उजळ फलक त्यात दिसतात आणि खालच्या कोपऱ्यात पुढच्या माणसाची टोपी. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने रांगेतून बाजूला होऊन तो काढला आणि ऑफिसात असलेल्या मुलीला पाठवला. खाली एकच ओळ : ‘यातली साधी दुधाची कॉफी कुठली गं?’

पहिल्यांदा जाणाऱ्याची गाडी अडते ती आकारांच्या नावांपाशी. फलकावर टॉल, ग्रान्दे आणि व्हेंटी अशी तीन नावं असतात. शब्दकोश काढला तर टॉल म्हणजे उंच आणि ग्रान्दे म्हणजे मोठा. प्रत्यक्षात फलकावरचा सगळ्यात लहान कप टॉल आणि मधला ग्रान्दे. मोठ्या कपाचं नाव व्हेंटी, म्हणजे इटालियन भाषेत वीस.

हा उलटसुलट प्रकार घडला त्याला इतिहास आहे. स्टारबक्समध्ये नोकरीला असलेले हॉवर्ड शुल्ट्झ १९८३ साली मिलानला गेले आणि तिथले कॉफीबार पाहून भारावले. १९८६ मध्ये त्यांनी सिअॅटलमध्ये ‘इल जोर्नाले’ नावाचं स्वतःचं दुकान काढलं आणि पुढच्याच वर्षी स्टारबक्स विकत घेतलं. सुरुवातीला आकार होते शॉर्ट, टॉल आणि ग्रान्दे. तेव्हा टॉल खरोखरच शॉर्टपेक्षा उंच होता. पुढे वीस औंसांचा व्हेंटी आला, शॉर्ट फलकावरून उतरला आणि मधला टॉल आपोआप सर्वांत धाकटा ठरला. गंमत म्हणजे खुद्द इटलीत हा पाठ चालत नाही. तिथे नुसतं ‘लाटे’ मागितलं तर समोर दुधाचा ग्लास येतो, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध.

म्हणून नावं सोडून मापं लक्षात ठेवलेली बरी. टॉल १२ औंसांचा, म्हणजे साधारण ३५५ मिलीलिटर. ग्रान्दे १६ औंस, ४७३ मिलीलिटर. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी जवळजवळ अख्खी त्यात मावेल. गरम व्हेंटी ५९० मिलीलिटरच्या आसपास, तर थंड व्हेंटी सातशेच्या वर, कारण त्यात बर्फालाही जागा लागते. कटिंगची सवय असलेल्या माणसाला टॉलसुद्धा पुरून उरतो.

मात्र कप वाढला की कॉफीही त्याच प्रमाणात वाढते, असं नाही. लाटेचा जीव असतो एस्प्रेसोच्या ‘शॉट’मध्ये, म्हणजे दाबाखाली उतरवलेल्या दाट कॉफीच्या घोटभर मापात. गरम लाटेच्या टॉलमध्ये एक शॉट पडतो, ग्रान्देमध्ये दोन आणि व्हेंटीमध्येही दोनच. ग्रान्देऐवजी व्हेंटी घेणाऱ्याच्या पदरात जास्तीचं पडतं ते दूध. उलट शॉर्टमध्येही टॉलइतकाच एक शॉट असतो, पण कप आठच औंसांचा. त्यामुळे तो चवीला कडक लागतो. फलकावर नसला तरी गरम पेयासाठी शॉर्ट मागितला तर बहुतेक ठिकाणी मिळतो.

आईला आणखी एक कोडं पडलं होतं : प्रत्येक नावापुढे दोन आकडे कशाला? त्यातला डॉलरचा आकडा किमतीचा. दुसरा कॅलरीचा. वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी दुकानांना तो फलकावर छापणं अमेरिकेत २०१८ पासून बंधनकारक आहे. फलकावरच्या किमतीत बहुतेक राज्यांत विक्रीकर धरलेला नसतो. तो गल्ल्यावर वाढतो.

आता दूध. इथे शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसगत होते. ‘होल मिल्क’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर म्हशीचं साईचं दूध येतं. अमेरिकेतल्या होल मिल्कमध्ये सव्वातीन टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणजे ते आपल्याकडच्या पिशवीतल्या गाईच्या दुधाच्या जवळचं. ‘टू पर्सेंट’ त्याहून पातळ, आणि काहीच सांगितलं नाही तर लाटेत बहुधा तेच पडतं. ‘नॉनफॅट’ म्हणजे साय पूर्ण काढलेलं. ‘हाफ अँड हाफ’ म्हणजे निम्मं दूध आणि निम्मं पाणी नव्हे. त्यात दूध आणि क्रीम असतं. घरच्या दाट कॉफीची आठवण येत असेल, तर त्याची जराशी धार पुरते.

उरलेल्या चार नावांमागे ‘मिल्क’ असलं तरी गाय-म्हैस कुठेच नाही. आल्मंड मिल्क म्हणजे केशर-बदाम घातलेलं आटीव दूध नव्हे. ते बदाम पाण्यात वाटून गाळलेलं पातळ पेय. कोकोनट मिल्कही सोलकढीच्या नारळाच्या दुधाइतकं दाट नसतं. सोया मिल्क सोयाबीनचं. ओट मिल्क ओट्सचं. त्यातल्या पिठूळ अंशाचं विकरांनी साखरेत रूपांतर होतं, म्हणून वरून साखर न घालताही ते गोडसर लागतं. दूध पचत नसेल तर या चारांतून निवडावं. बदामाची अॅलर्जी असेल तर ती गल्ल्यावरच सांगावी, कारण भांडी आणि यंत्रं सगळ्यांना सामायिक असतात.

तिसरा फलक हंगामी पेयांचा. फोटो सप्टेंबरातला, म्हणजे त्यावर ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ असणारच. २००३ पासून दर वर्षी येणारं हे पेय. भोपळ्याची कॉफी म्हणून आईने नाक मुरडलं. पण हे नाव भोपळ्याचं कमी आणि मसाल्याचं जास्त. अमेरिकन घरांत भोपळ्याच्या पायमध्ये जो मसाला पडतो तो हा : दालचिनी, आलं, जायफळ, लवंग. सुरुवातीला स्टारबक्सच्या या पेयात भोपळा नव्हताच. २०१५ मध्ये गर घातला गेला.

त्यात साखर मात्र भरपूर. मसालेदार पाक पंपाने घालतात, गरम ग्रान्देला चार पंप. सगळं धरून सुमारे ५० ग्रॅम साखर होते, म्हणजे बारा-एक चमचे. ‘दोन पंप, व्हिप क्रीम नको’ एवढं सांगितलं की गोडी बरीच उतरते. आणखी एक खाच : अमेरिकेत या पाकातच आटवलेलं दूध असतं. ओट मिल्क घेतलं म्हणून पेय दुधाविना झालं, असं होत नाही.

डिसेंबरात याच फलकावर पेपरमिंट मोका येतो, पुदिन्याचा अर्क घातलेली चॉकलेट कॉफी. काही कॉफीशॉपमध्ये एगनॉग लाटेही लागतो आणि त्याच्या नावातला ‘एग’ खराखुरा असतो. शाकाहारी माणसाने तेवढा टाळावा. ‘चाय टी लाटे’ मात्र कुठल्याही ऋतूत असतो. तो मसाला चहाचा गोड अर्क आणि गरम दूध यांचा बनतो. उकळी फुटलेला चहा तो नव्हे.

मुलीचं उत्तर आलं : ‘आई, गल्ल्यावर एवढंच म्हण : शॉर्ट लाटे, होल मिल्क, एक्स्ट्रा हॉट.’ शेवटचे दोन शब्द तिने मुद्दाम घातले होते, कारण लाटेचं दूध तिथे उकळत नाहीत, वाफेने तापवतात, आणि आपल्या जिभेला ते कोमट लागतं. लाटेत साखर नसते. ती बाजूच्या टेबलावरच्या पुड्यांतून हवी तेवढी घ्यायची.

पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला, कपावर चिकटवलेल्या लेबलचा. त्यावर आकार, पेय आणि दुधाचा प्रकार छापलेला असतो; घोट घेण्याआधी तो वाचला तर चूक तिथल्या तिथे बदलून मिळते. आईच्या लेबलवर तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. नावाचं स्पेलिंग तेवढं चुकलं होतं.