कार्ड दमदार, तरी गेम उघडेना

एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड मार्च २०१७ मध्ये बाजारात आलं, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरला लावता येणाऱ्या सर्वांत दमदार कार्डांमध्ये त्याची गणना होत होती. त्यात ११ जीबी मेमरी होती, आणि आजही जुने गेम ते मजेत चालवतं. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंडच्या रेमेडी कंपनीचा ‘ॲलन वेक २’ हा गेम आला, तेव्हा किमान आवश्यक कार्डांच्या यादीत हे कार्ड बसत नव्हतं. किमान कार्ड म्हणून नाव होतं आरटीएक्स २०६० चं. गंमत अशी, की त्याआधीच्या बहुतेक गेममध्ये १०८० टीआय हे २०६० पेक्षा वेगवान ठरतं. म्हणजे वेगवान कार्ड बाहेर राहिलं आणि त्याहून हळू कार्ड आत गेलं.

हा प्रश्न वेगाचा नव्हताच. २०६० मध्ये ‘मेश शेडर’ नावाची सोय चिपमध्येच आहे, १०८० टीआयमध्ये ती नाही.

गेममधलं प्रत्येक झाड, दगड, माणूस हे छोट्या छोट्या त्रिकोणांनी बनलेलं असतं. जुन्या पद्धतीत कार्ड त्या त्रिकोणांचे कोपरे ओळीने वाचतं, प्रत्येक कोपरा पडद्यावर कुठे येईल याचा हिशेब करतं, आणि मग त्यातले कुठले त्रिकोण दिसणारच नाहीत हे ठरवतं. झाडामागे झाकलेल्या झाडाचेही कोपरे आधी मोजले जातात आणि नंतर फेकून दिले जातात. मेश शेडरमध्ये त्रिकोणांचे लहान गठ्ठे आधीच करून ठेवलेले असतात. एका गठ्ठ्यात साधारण शंभरेक त्रिकोण धरा. संपूर्ण गठ्ठा कॅमेऱ्याच्या बाहेर आहे किंवा दुसऱ्या वस्तूमागे दडलाय असं कळलं, की कार्ड तो उघडून बघतच नाही. ‘ॲलन वेक २’चा मोठा भाग घनदाट जंगलात घडतो. लक्षावधी पानं आणि फांद्या असलेल्या अशा दृश्यात ही बचत फार मोठी असते, म्हणून रेमेडीने गेमची सगळी रचना याच पद्धतीभोवती केली.

यातून एक गोष्ट निघते, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सेटिंग्ज ‘लो’वर आणल्या, रिझोल्यूशन कमी केलं, सावल्या बंद केल्या, तरी ही अडचण सुटत नाही. त्या सगळ्या उपायांनी काम कमी होतं, पण काम करण्याची पद्धत तीच राहते. मेमरी कमी असेल तर गेम सहसा उघडतो आणि मग अडखळतो. सोयच नसेल, तर तो पहिल्या पडद्यापर्यंतही पोचेल याची खात्री नसते.

गेम सुरू होताना तो विंडोजमधल्या डायरेक्टएक्सच्या मार्फत कार्डाच्या ड्रायव्हरला विचारतो, की अमुक सोय आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं की पुढे काय करायचं, हे गेम लिहिणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. दुसरा, जुन्या पद्धतीचा मार्ग त्यांनी लिहून ठेवला असेल, तर गेम त्या वाटेने जातो. नसेल, तर निरोप देऊन बंद होतो. आणि विचारायचंच राहून गेलं असेल, तर काहीही न सांगता डेस्कटॉपवर परततो. माझ्या मते हा शेवटचा प्रकार ग्राहकावर सरळ अन्याय आहे. एक ओळीचा निरोप दाखवायला कष्ट पडत नाहीत, पण तो नसेल तर माणूस तासन्‌तास विंडोज पुन्हा टाकत बसतो.

रेमेडीने जुनी वाट पूर्ण पुसली नव्हती. १०८० टीआयवर गेम सुरू करताना इशारा येत असे, पण पुढे जाता येत होतं. मात्र त्या वाटेवर मेहनत घेतलेली नव्हती, त्यामुळे चित्र इतकं रखडत असे की खेळणं अवघड व्हावं. मग मार्च २०२४ मध्ये कंपनीने सुधारणा दिली. मेश शेडर नसलेल्या कार्डांचा वेग चांगलाच वाढला, आणि किमान कार्ड म्हणून जीटीएक्स १०७० चं नाव आलं. कार्डात काडीचाही बदल झाला नव्हता, बदललं होतं ते सॉफ्टवेअर. म्हणून ‘जुनं कार्ड नवा गेम उघडेल का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर स्टुडिओच्या हातात असतं, असं मी म्हणतो.

उलट उदाहरण डिसेंबर २०२४ मधल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’चं. त्यातला प्रकाश रे ट्रेसिंगनेच होतो, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून, आणि तो बंद करायची सोय गेममध्ये नाही. त्यामुळे रे ट्रेसिंग करणारं कार्ड ही अटच आहे. किमान कार्ड आरटीएक्स २०६० सुपर किंवा एएमडीचं आरएक्स ६६००. इथेही एक फट निघाली. लिनक्सवरच्या एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये रे ट्रेसिंगचं काम साध्या गणिताने करून देण्याची सोय आहे, आणि तिच्या जोरावर काहींनी २०१७ चं आरएक्स व्हेगा ६४ वापरून हा गेम चालवून दाखवला. अशा वाटेवर विसंबून मात्र कोणी पैसे खर्च करू नयेत.

आपल्या कार्डाचं कसं ओळखायचं? विंडोजमध्ये `dxdiag` टाइप केलं की माहितीची खिडकी उघडते. पहिल्याच पानावर ‘DirectX 12’ लिहिलेलं पाहून बरेचजण निर्धास्त होतात, पण ती माहिती विंडोजची आहे, कार्डाची नव्हे. कार्डासाठी ‘Display’ पानावर ‘Feature Levels’ ही ओळ पाहायची. तिथे `12_2` दिसलं तर मेश शेडर आणि रे ट्रेसिंग दोन्ही आहेत. १०८० टीआयवर सर्वांत वरचा आकडा `12_1` येतो. पण `12_1` पाहून लगेच निराश होऊ नका. जीटीएक्स १६६० टीआयवरही `12_1` च येतं, कारण त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही, मेश शेडर मात्र आहे. वर्षावरूनही अंदाज बांधता येत नाही: १६६० टीआय फेब्रुवारी २०१९ मधलं, आणि जुलै २०१९ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ५७०० एक्सटीमध्ये मेश शेडर नाही. तेव्हा गेमच्या अटींमध्ये नेमकी कुठली सोय मागितलीय ते वाचून, ती आपल्या मॉडेलमध्ये आहे का, हे नावानिशी तपासायला हवं.

ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच खरा आहे. शेडरच्या भाषेची नवी आवृत्ती कधीकधी ड्रायव्हरमधून जुन्या कार्डालाही मिळते, आणि तसं झालं की काल न उघडणारा गेम आज उघडतो. चिपमध्ये नसलेली सोय मात्र ड्रायव्हर सहसा देत नाही. शिवाय १० मालिकेच्या कार्डांना नव्या गेमसाठी खास जुळवलेले ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं असून, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून सेकंड हँड कार्ड घेणाऱ्यांनी म्हणूनच फक्त मेमरी आणि वेग विचारू नये. ११ जीबीचं १०८० टीआय आणि ६ जीबीचं आरटीएक्स २०६० समोर ठेवलं, तर जुने गेम खेळणाऱ्याला पहिलं घ्यायला हरकत नाही, पण नव्या गेमसाठी दुसरंच घ्यावं. आणि हातात जुनंच कार्ड असताना नवा गेम घ्यायचाच असेल, तर स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. घेतला की त्याच दिवशी उघडून पाहावा.