लिव्हर मऊ लागतोय?

मोटारसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागू लागला की बरेच जण आधी पॅड बदलून घेतात. पैसे जातात आणि लिव्हर तसाच राहतो, कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत. पॅडची झीज कॅलिपरमध्ये बॅटरी मारून डोकावलं की दिसते. धातूच्या पट्टीवरचा थर एक मिलिमीटरच्या आसपास उरला, किंवा त्यावरची खाच पुसली गेली, की पॅड संपले. हँडलवरच्या टाकीतलं ब्रेक ऑइलही तोवर खाली गेलेलं असतं. पॅड पातळ होतात तसे पिस्टन पुढे सरकतात आणि त्यांच्या मागची जागा ऑइल भरून काढतं. म्हणून पातळी घटलेली दिसली तर ऑइल ओतण्याआधी पॅड बघा. करकर आवाज येत असेल तर धातू डिस्कला घासतोय, आणि डिस्क पॅडपेक्षा कितीतरी महाग असते.

मऊ लिव्हरमागे बहुतेक वेळा हवा असते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. हाताचा जोर बुडबुडे चेपण्यातच जातो. डॉट ४ ऑइल हवेतलं पाणीही शोषतं. नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही हद्द १५५ अंशांवर येते. डबलसीट घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवला की जुनं ऑइल कॅलिपरमध्ये उकळू शकतं आणि लिव्हर हँडलला टेकतो.

हवा घरी काढता येते. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचं ऑइल सीलबंद डब्यातून घ्या. हे ऑइल रंग खातं, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका. हँडल वळवून ऑइलची टाकी सपाट करा आणि झाकण काढा. कॅलिपरच्या निपलवर आधी रिंग पाना, मग पारदर्शक नळी चढवा. नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबून धरा, निपल पाव आटा सैल करा. ऑइल बाहेर येईल, लिव्हर हँडलपर्यंत जाईल. तो तसाच धरून निपल आधी बंद करा आणि मगच सोडा. क्रम उलटला तर हवा परत आत ओढली जाते. टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवा. शेवटी निपल बेताने आवळा, पातळी खुणेपर्यंत आणा, झाकण बसवा आणि सांडलेलं ऑइल पाण्याने धुवा. पॅडवर ऑइल लागलं असेल तर पॅड बदलाच.

लिव्हर कडक झाला तरी अर्धा मिनिट दाबून धरा. तो हळूहळू खाली गेला, तर गळती शोधा. कुठे ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली असेल तरी काही गाड्यांना वर्कशॉपमधलं यंत्र लागतं. अशा वेळी गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.