ठेका संपवताना: एका पत्रातले तीन हिशेब

अमृतसर गॅस सर्व्हिस ही इंडियन ऑइलची स्वयंपाकाच्या गॅसची वितरक. १९८३ साली कंपनीने वितरणाचा करार संपवला आणि वाद लवादाकडे गेला. लवादाने करार पूर्ववत करण्याचा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली तो भाग बाजूला ठेवला. कोणत्याही बाजूला ३० दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगता करार संपवता येईल, असे कलम त्या करारातच होते. त्यामुळे वितरकाला भरपाई मिळाली ती त्या ३० दिवसांच्या उत्पन्नापुरती.

करार संपवण्याचे पत्र लिहिण्यापूर्वी हे कलम शोधावे लागते. बहुतेक सेवा-करारांत बाहेर पडण्याच्या दोन वाटा असतात. एक उल्लंघनाची: ती लवकर संपते, पण दोष सिद्ध करण्याची जबाबदारी पत्र पाठवणाऱ्यावर येते. दुसरी केवळ नोटिशीची: तिथे मुदत पाळावी लागते, दोष सिद्ध करावा लागत नाही. पत्रात कोणत्या कलमाखाली करार संपवत आहोत हे स्पष्ट नसेल, तर पुढे वाद नेमका त्यावरच होतो.

एका गृहनिर्माण संस्थेचा साफसफाईचा ठेका घेऊ. सहा कामगार, प्रत्येकी दरमहा १८,००० रुपये, गैरहजेरीसाठी दिवसाला ६०० रुपये वजावट आणि ३० दिवसांची नोटीस, असे करारात आहे. त्रुटी लेखी कळवून सुधारणेसाठी १५ दिवस द्यायचे, असेही आहे.

‘काम समाधानकारक नाही’ हे वाक्य अशा पत्रात काहीच सिद्ध करत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘३ ते १२ मे या काळात दोन कामगार गैरहजर होते, हजेरीपटाची प्रत सोबत. फेब्रुवारी ते एप्रिलची पीएफ चलने कलम ९ प्रमाणे मिळाली नाहीत. १३ मेच्या ईमेलने १५ दिवसांची मुदत दिली. ती संपली तरी चलने आलेली नाहीत.’ तारीख, कलम, पुरावा आणि आधी दिलेला इशारा, चारही गोष्टी त्यात आल्या. महिनोन्महिने तक्रार न करता पूर्ण बिल चुकते केले असेल, तर हीच सेवा तुम्ही मान्य केली होती, असे ठेकेदार म्हणू शकतो. म्हणून तो १३ मेचा ईमेल फार मोलाचा आहे.

आता मुदत. पत्र ५ जूनला पोचले. पोचल्याचा दिवस सोडून मोजले, तर तिसावा दिवस ५ जुलै येतो, आणि हीच शेवटची तारीख पत्रात स्पष्ट लिहावी. करारात दिलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह पत्र पाठवावे. करारात मान्य नसेल तर केवळ व्हॉट्सॲपवर विसंबू नये. सही करणाऱ्याला कार्यकारी समितीच्या ठरावाने अधिकार दिलेला असावा.

सर्वांत जास्त गफलत पैशांत होते. राग आला म्हणून सगळी बिले अडवली, की करार मोडणारी बाजू आपणच ठरतो. मे महिन्याचे मूळ बिल १,०८,००० रुपये. दोन कामगारांचे दहा-दहा दिवस म्हणजे १२,००० रुपये वजा; राहिले ९६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १७,२८० आणि एकूण १,१३,२८०. ठेकेदार कंपनी असल्याने दोन टक्के टीडीएस १,९२० कापून १,११,३६० रुपये द्यायचे. ठेकेदाराने पूर्ण रकमेचे बिल आधीच काढले असेल, तर वजावटीची क्रेडिट नोट मागावी. जूनचे बिल याच रीतीने, आणि जुलैचे पाच दिवसांपुरते, म्हणजे करापूर्वी १८,००० रुपये.

वजावट करारात लिहिली आहे तेवढीच करावी. मनाने ठरवलेला दंड टिकत नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाने लिलावातील बोलीदाराची बयाणा रक्कम जप्त केली होती. नुकसान झालेच नसताना ती ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आणि रक्कम परत करायला लावली. ठेकेदाराची अनामतही याच कसोटीवर तपासावी.

ठेकेदार सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६च्या कायद्याप्रमाणे सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने, व्याज लागते. वादातली रक्कम वेगळी दाखवून बाकीची वेळेवर दिली, तर हा भार वाढत नाही.

शेवटच्या हप्त्याआधी कामगारांच्या पगाराचा आणि पीएफ, ईएसआयच्या भरण्याचा पुरावा मागावा, कारण ठेकेदाराने ते थकवले तर जबाबदारी काम करून घेणाऱ्यावरही येऊ शकते. तशी अट करारात असेल तरच पैसे त्यासाठी थांबवावेत. पत्राच्या अखेरीस ५ जुलैला परत करायच्या चाव्या, यंत्रे आणि नोंदवह्या यांची यादी जोडावी. अंतिम रक्कम दिल्यावर ‘काही येणे बाकी नाही’ असे लेखी घ्यावे आणि ते संस्थेच्या फाइलीत त्या बिलांसोबत ठेवावे.