पाच हजार बडतर्फ, तरी प्रश्न तसाच

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला केस स्टडीची असाइनमेंट मिळाली की तो बहुतेक वेळा घडलेली गोष्ट पुन्हा सांगतो आणि शेवटी ‘प्रशिक्षण द्यावे, संवाद वाढवावा’ असं लिहून मोकळा होतो. समस्या एक आणि उपाय भलताच, म्हणून गुण जातात. समस्येपासून शिफारशीपर्यंत एकच धागा कसा न्यायचा, हे अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेच्या प्रकरणातून चांगलं समजतं.

सप्टेंबर २०१६मध्ये या बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. ग्राहकांना न विचारता सुमारे वीस लाख ठेव आणि क्रेडिट कार्ड खाती उघडली गेली असावीत, असा अंदाज होता. पाच वर्षांत बँकेने त्यासाठी सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढलं होतं.

लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: आपण कोणाच्या खुर्चीत बसून लिहितो आहोत आणि तारीख कोणती आहे. समजा, तुम्ही मनुष्यबळ विभागाचे प्रमुख आहात आणि २०१३ संपत आलं आहे. लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रात शाखांवरच्या विक्रीच्या दबावाची बातमी नुकतीच छापून आली आहे. पुढे झालेला दंड तुम्हाला माहीत नाही, म्हणून तो पुरावा म्हणून वापरता येणार नाही. बँकेच्या आत त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरच निर्णय घ्यायचा आहे.

आता समस्या एका वाक्यात मांडा. ‘कर्मचारी खोटी खाती उघडतात’ ही समस्या नव्हे, ते लक्षण आहे. बँकेच्या वरिष्ठांनी मात्र यालाच समस्या मानलं. दरवर्षी जेमतेम एक टक्का लोकांना काढावं लागतं, म्हणजे बाकीचे नीट वागतात, असा त्यांचा हिशेब होता. पण काढलेल्यांच्या जागी आलेली माणसंही तेच करत असतील, तर कारण माणसांच्या मागे शोधावं लागतं.

तिथे काय दिसतं? प्रत्येक ग्राहक कुटुंबाला आठ उत्पादनं विकायची, हे बँकेचं घोषित ध्येय होतं. प्रत्यक्षात सरासरी सहाच्या आसपास अडकली होती. संचालक मंडळाच्या २०१७च्या चौकशी अहवालानुसार, विक्रीच्या योजनांना बँकेत ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणत, कारण निम्मेच विभाग त्या पूर्ण करतील असं गृहीत असे. तरीही बढती आणि बोनस त्याच आकड्यांवर ठरत. शाखांमधली विक्रीची माणसं मोठ्या प्रमाणात नोकरी सोडत होती. शिवाय मनुष्यबळ आणि जोखीम विभाग विखुरलेले असल्याने सगळ्या तक्रारी एकत्र पाहणारं कोणी नव्हतं. म्हणून समस्या अशी लिहावी: ‘गाठता न येणारं टार्गेट आणि त्याला बांधलेली बढती यांमुळे गैरप्रकार सतत घडतात, आणि विखुरलेल्या रचनेमुळे ते सुटेसुटे दिसतात.’

सिद्धांत इथे आणावा, आणि एकच पुरतो. स्टीव्हन कर यांनी १९७५मध्ये दाखवलं होतं की संस्था एका वागणुकीची अपेक्षा ठेवतात आणि बक्षीस दुसऱ्याच वागणुकीला देतात. बँकेला ग्राहकाचा विश्वास हवा होता, पण पैसे खात्यांच्या संख्येचे मिळत होते. सिद्धांताची व्याख्या लिहून थांबू नका. त्याने या केसमधली कोणती गोष्ट उलगडते, ते लिहा.

मग पर्याय. पहिला: नीतिमत्तेचं प्रशिक्षण आणि कडक कारवाई. स्वस्त आणि झटपट, पण कारणाला हात लावत नाही. दुसरा: टार्गेट कमी करणं. दबाव घटेल, तरी बक्षीस संख्येलाच राहील. तिसरा: उत्पादनविक्रीचं टार्गेट काढून मोबदला ग्राहकसेवेशी जोडणं, आणि मनुष्यबळ व जोखीम विभाग थेट मुख्यालयाच्या अखत्यारीत आणणं. कारणावर परिणाम, खर्च, लागणारा वेळ आणि विरोध या चारही कसोट्या प्रत्येक पर्यायाला सारख्याच लावा.

शिफारस तिसऱ्या पर्यायाची, पण तिची किंमतही लिहायला हवी: काही काळ नव्या खात्यांचा आकडा पडेल आणि विक्रीच्या जोरावर वर आलेले विभागप्रमुख विरोध करतील. म्हणून निर्णय मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने जाहीर करावा, आधी काही विभागांत राबवावा आणि मग सगळीकडे न्यावा. मोजमापही ठरवून द्यावं: नव्या खात्यांपैकी किती खात्यांत ग्राहकाने खरोखर पैसे भरले, किती कर्मचारी नोकरी सोडून गेले, तक्रारी कुठे वाढल्या. तक्रारी सुरुवातीला वाढल्या तर घाबरू नये. लोक बोलू लागल्याचीही ती खूण असू शकते. पैसे न भरलेली खाती मात्र कमी झाली नाहीत, तर निदान चुकलं आहे.

बँकेने विक्रीची टार्गेट रद्द केली ती २०१६मध्ये, दंडानंतर. असाइनमेंट तपासताना शिक्षक हेच पाहतात: तुमची शिफारस नेमकी त्या कारणावर पडते का, जे तुम्ही स्वतः पहिल्या पानावर पुराव्यानिशी मांडलं होतं.