पंचेचाळीस किलोंचा फरक

माझ्या भाच्याने यंदा पाडव्याला पहिली मोठी मोटारसायकल घरी आणायचं ठरवलं आणि दोन गाड्यांपाशी येऊन अडकला. एक रॉयल एनफिल्डची सुपर मीटिओर ६५०, म्हणजे क्रूझर; दुसरी त्याच कंपनीची हिमालयन ४५०, म्हणजे अ‍ॅडव्हेंचर टूरर. "मामा, एकीचं वजन २४१ किलो आणि दुसरीचं १९६. पहिल्या गाडीला हलकी घेतलेली बरी ना?" प्रश्न साधा होता, पण उत्तर साधं नव्हतं. भाचा पाच फूट पाच इंच उंच. कोथरूडच्या सोसायटीत तळघरातलं पार्किंग, वर यायला चढाचा रॅम्प. महिन्यातून एकदा बायकोला मागे बसवून कोकणात जायची इच्छा. एवढं डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हिशोबाला बसलो.

आधी वजन. वजनाचा काटा तोल सांगत नाही. क्रूझरची सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर आणि इंजिनही खाली. हिमालयनची सीट ८२५ वर, पोटाखाली २३० मिलिमीटर मोकळी जागा आणि १७ लिटरची टाकी पार वर. समजा, क्रूझरचा गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर आहे आणि हिमालयनचा साठ सेंटिमीटरवर. उभी गाडी दहा अंश कलली, तर मीटरभर उंचीच्या हँडलला धरून ती सावरायला पहिलीला साधारण २१ किलोंचा जोर लागतो, दुसरीला २०. म्हणजे कागदावरचे पंचेचाळीस किलो कलत्या गाडीत जवळजवळ विरघळून जातात.

पुढचा प्रश्न पायांचा. भाच्याचे दोन्ही तळवे क्रूझरवर सपाट टेकतात. हिमालयनवर चवडेच टेकतात. सिग्नलला थांबताना रस्ता एका बाजूला तीन-चार सेंटिमीटर उतरता असला, की त्या बाजूचा चवडाही अधांतरी राहतो. नवशिक्याची गाडी वेगात फार क्वचित पडते. ती पडते थांबताना, वळवताना, रॅम्पवर मागे घेताना. सीटवर बसून गाडी मागे ढकलायची, तर तळवा जमिनीला घट्ट लागला पाहिजे. त्यामुळे जड क्रूझर पार्किंगमध्ये हलकी वाटते आणि हलकी हिमालयन जड. पंचेचाळीस किलो खरे जाणवतात ते गाडी पूर्ण आडवी झाल्यावर. तेव्हा एकट्याने उचलायची, तर हलकीच बरी.

यातून एक धडा मिळतो. शोरूमच्या ट्रायल गाडीत पेट्रोल बहुधा नावापुरतंच असतं. हिमालयनची टाकी भरली, की बारा-साडेबारा किलो वजन वरच्या वर चढतं. म्हणून ट्रायलला टाकी भरलेली गाडी मागावी, घरचेच बूट घालून जावं आणि उतारावर थांबून पाहावं.

आता आराम. शोरूममध्ये क्रूझर हमखास जिंकते. खाली सीट, पाय पुढे, हात सैल. घरच्या आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं. आम्ही मनातल्या मनात पुणे ते हरिहरेश्वर गेलो: पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा. मुळशीपर्यंतच्या चांगल्या पट्ट्यात ६५०चं दोन सिलिंडरचं इंजिन लोण्यासारखं चालतं. खरी परीक्षा घाट संपल्यावर, पावसाळ्याने खाल्लेल्या रस्त्यावर होते. पाय पुढे असले, की शरीराचा भार माकडहाडावर येतो. खड्डा आला तरी पायांवर जोर देऊन उठता येत नाही. दणका थेट कण्यात जातो. सुपर मीटिओरचं मागचं सस्पेन्शन जेमतेम १०१ मिलिमीटर दबतं. हिमालयनचं पुढे-मागे २०० मिलिमीटर दबतं, शिवाय पाय कुल्ल्यांच्या खाली असल्याने फुटपेगवर उभं राहून गुडघ्यांनीच खड्डा पचवता येतो. क्रूझरच्या पोटाखाली १३५ मिलिमीटर जागा. दोन माणसं आणि सामान लादल्यावर गावाकडच्या उंच गतिरोधकावर खालून खरडल्याचा आवाज येऊ शकतो. नागमोडी वळणावर गाडी झुकवली, तर फुटपेग लवकर टेकतो.

हिमालयनच्या बाजूलाही त्रास आहे. एका सिलिंडरचं इंजिन जास्त वेगात थरथरतं. मागे बसणाऱ्याला उंच पाय टाकून चढावं लागतं, आणि तो चढत असताना चालकाचे चवडेच टेकलेले असले, तर गाडी डुलते. भाच्याच्या बायकोने एकदा चढून पाहिलं. दुसऱ्या वेळी तिने आधी विचारलं, "तुझे पाय टेकलेत ना?" महामार्गावर तासन् तास एकाच वेगात जायचं असेल, तर क्रूझरच सुखाची, मात्र शंभरच्या आसपास वारा छातीवर आदळतो आणि हँडल ओढून धरावं लागतं.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. कंपनी एकच असल्यामुळे हा प्रश्नच नाही, असं भाच्याला वाटत होतं. इथे दोन फसगती आहेत. पहिली नावाची. जुन्या हिमालयनचं ४११ सीसीचं इंजिन वेगळं होतं. ४५० हे २०२३च्या नोव्हेंबरात आलेलं, पाण्याने थंड होणारं नवं इंजिन आहे. ४११ वर्षानुवर्षे दुरुस्त करणारा गल्लीतला मिस्त्री तेवढ्याने ४५० उघडू शकेल असं नाही, आणि जुन्याचे इंजिनचे भाग तिला बसत नाहीत. ६५०चं इंजिन मात्र २०१८ पासून इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीमध्ये चालत आलेलं आहे. त्याचे फिल्टर, क्लच प्लेटा, गॅस्केट अनेक गाड्यांना लागतात, म्हणून दुकानात असण्याची शक्यता जास्त. क्रूझरची टाकी, मडगार्ड, चाकं मात्र तिचीच.

दुसरी फसगत चाकांची. हिमालयनच्या पुढच्या चाकाचा व्यास २१ इंच, क्रूझरच्या मागच्याचा १६. हे टायर तालुक्याच्या दुकानात सहज मिळतीलच असं धरू नये. हिमालयनच्या तारांच्या चाकात ट्यूब असेल, तर पंक्चर काढायला चाक उतरवावं लागतं. क्रूझरचं अलॉय चाक ट्यूबलेस असल्याने बाहेरूनच पट्टी खोचून घरी येता येतं. हिमालयनला आता ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय आहे. कोकणात जाणाऱ्याने तो घ्यावाच.

माझ्या एका मित्राची दुसऱ्याच कंपनीची गाडी रस्त्यावरच्या दगडाने रेडिएटर फुटून तीन आठवडे उभी राहिली होती. तेव्हापासून मी विक्रेत्यापाशी न थांबता सरळ पार्ट काउंटरवर जातो. क्लच लिव्हर, गिअर लिव्हर, आरसा, इंडिकेटर, रेडिएटर आणि ब्रेक पॅड असे सहा भाग चिठ्ठीवर लिहायचे आणि विचारायचं: आज शेल्फवर कोणते, नसले तर किती दिवस? पहिले चार पडल्यावर तुटतात, पाचवा दगडाने, सहावा झिजतो. 'मागवून देऊ' हे उत्तर नव्हे. दिवस सांगायला लावायचे. भाच्याच्या चिठ्ठीवर रेडिएटर सोडून सगळ्यांपुढे 'आहे' आलं. रेडिएटरपुढे 'दहा दिवस' आलं, म्हणून खरेदीच्या यादीत रेडिएटरची जाळी वाढली.

शेवटी भाच्याने हिमालयन निवडली, पण तिची अडचण आधी मिटवून. कमी उंचीची सीट बसवली की उंची ८०५ होते. भरल्या टाकीने सोसायटीच्या रॅम्पच्या मध्यावर दहा वेळा थांबून, सुटून पाहिलं. सात वेळा तोल सांभाळला, तीन वेळा मी धरली. आठवड्याने पुन्हा केलं, तेव्हा एकदाही धरावी लागली नाही. त्याचा प्रवास सातारा-कोल्हापूर महामार्गापुरता असता, तर मी त्याला क्रूझरच घ्यायला सांगितलं असतं. म्हसळ्यापुढचा रस्ता निराळा आहे, आणि गाडी त्याच्यासाठीच घ्यायची होती.