खुंटीवरची किल्ली

दिल्लीतल्या एका मोटारसायकल मालकाचं म्हणणं अगदी साधं होतं. घरी आलेल्या अल्पवयीन मुलाने न विचारता किल्ली उचलली आणि गाडी नेली. मला पत्ताच नव्हता. त्या गाडीच्या धडकेत एक माणूस गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०११ साली निकाल मालकाच्या विरोधात लागला. आपल्या गाडीचा गैरवापर होऊ नये हे पाहणं मालकाचंच काम, असं न्यायालयाने म्हटलं. भरपाई आधी विमा कंपनीने द्यायची आणि मग ती मालकाकडून वसूल करायची.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण अपघातानंतर बहुतेक आईवडिलांच्या तोंडी हेच वाक्य येतं: ‘आम्हाला माहीत नव्हतं.’ कायद्यात या वाक्याला किती वजन आहे, हे फार थोड्यांनी तपासून पाहिलेलं असतं.

फौजदारी बाजूने त्याला थोडं वजन आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीनाने या कायद्याखालचा गुन्हा केला, की त्याचा पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. त्यासाठी अपघात व्हावाच लागतो असं नाही; परवान्याशिवाय गाडी चालवणं हाच गुन्हा आहे. नकळत घडलं किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे सिद्ध केलं तर सुटका होते. पण सिद्ध करायचं ते पालकाने किंवा मालकाने, कारण मुलाने गाडी संमतीनेच नेली असं न्यायालय गृहीत धरून चालतं. मुलगा रोज त्याच स्कूटरवरून क्लासला जात असेल आणि सोसायटीचा वॉचमन ते रोज पाहत असेल, तर हे सिद्ध करणार कसं?

परवाना नसलेल्याला गाडी दिल्याबद्दल आणि परवान्याशिवाय ती चालवल्याबद्दल कलम १८० आणि १८१ खाली होणारा पाच-पाच हजारांचा दंड तडजोड शुल्क म्हणून भरून मिटवता येतो. १९९-अ तडजोडीच्या यादीत नाही. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

दिवाणी बाजूला मात्र ‘माहीत नव्हतं’ जवळजवळ निरुपयोगी ठरतं. समजा, शेजारच्या सोळा वर्षांच्या मुलाने तुमची ११० सीसीची स्कूटर नेली आणि तिच्या धडकेने ३२ वर्षांचा, महिना २० हजार पगाराचा माणूस दगावला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. अपघात दावा न्यायाधिकरणातला हिशेब ठरलेला आहे. पुढच्या वाढीसाठी पगारात ४० टक्के मिळवायचे: २८ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा: २१ हजार. वर्षाचे झाले २ लाख ५२ हजार. या वयाला १६ चा गुणक लागतो. ४० लाख ३२ हजार. वर अंत्यविधी वगैरेंची ठरावीक रक्कम आणि व्याज. तुमचा विमा चालू असला तरी चालकाकडे परवाना नसल्याने पॉलिसीची अट मोडलेली असते. न्यायाधिकरणाने तसा आदेश दिला, तर कंपनी मृताच्या घरच्यांना पैसे देते आणि तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करते. त्यासाठी तिला वेगळा दावाही लावावा लागत नाही. २५ हजारांच्या दंडाची बातमी होते. घर विकायला लावणारा आकडा हा आहे.

‘सोळाव्या वर्षी परवाना मिळतो की’ असं पुष्कळ जण सांगतात. मिळतो, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, पालकाच्या लेखी संमतीने. घरात उभी असते ती ११० किंवा १२५ ची. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपर्यंतच्या बॅटरीच्या स्कूटरला परवाना लागत नाही हेही खरं. मात्र कुणी तिचा वेग वाढवून घेतला, की ती सवलत गेली.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीने सगळा महाराष्ट्र संतापला, आणि तो संताप योग्यच होता. मुलाला प्रौढ मानून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. या गदारोळात त्या गाडीची पक्की नोंदणीच झालेली नव्हती, ही गोष्ट मागे पडली. मुलाचं वय कितीही असो, ती गाडी रस्त्यावर यायलाच नको होती.

१९९-अ च्या आणखी दोन तरतुदी आहेत. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. श्रीमंत घरात ड्रायव्हर ठेवता येतो. ज्या पोराला विसाव्या वर्षी बापाचा टेम्पो हाती घ्यायचा असतो, त्याची कमाईची पहिली पाच वर्षं एका दुपारच्या चकरेत जातात.